पहिलीला कोणतं माध्यम? भोरच्या एका पालकाचं पत्र

प्रश्न : मॅडम, आम्ही भोरला राहतो. माझं किराणा दुकान आहे, बायको बारावी झालीये. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. घराजवळ जुन्या संस्थेची अनुदानित मराठी शाळा आहे, तिथे पाचवीपासून सेमी. दुसरी इंग्लिश मीडियमची, बसने अर्धा तास, फी पस्तीस हजार आणि बसचे वेगळे. पुण्यातला मेहुणा म्हणतो, मराठीत घातलंत तर पुढे सायन्सला अडेल. काय करावं?

उत्तर : नमस्कार. तुमच्या जागी मी असते तर मराठी शाळेत नाव घातलं असतं; मात्र आधी दोन्ही शाळांतल्या मुलांची एक छोटी परीक्षा घेतली असती. ती कशी घ्यायची ते सांगते, पण त्याआधी तालुक्याच्या गावातल्या इंग्लिश मीडियमच्या वर्गात काय चालतं ते बघू.

बाई पुस्तकातलं इंग्रजी वाक्य वाचतात आणि त्याचा अर्थ मराठीत सांगतात. मग प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देतात, मुलं ती वहीत उतरवतात आणि घरी पाठ करतात. यात बाईंना दोष देऊ नका. समोरच्या तीस मुलांच्या घरी कुणीच इंग्रजी बोलत नसेल तर त्यांनी दुसरं काय करायचं? पहिली-दुसरीत हे खपूनही जातं, कारण प्रश्न एका ओळीचे असतात आणि चाचणीत वहीतलेच येतात. मार्क नव्वदच्या घरात, आई-बाप खूश. तिसरीपासून गणितात आणि परिसर अभ्यासात लांब वाक्यं येऊ लागतात, आणि खरी अडचण तिथे उघडी पडते.

असाच एक तिसरीतला मुलगा माझ्याकडे आला होता. तक्रार ‘गणित कच्चं’ अशी, ट्यूशनही लावून झालेली. मी त्याच्यापुढे गणित ठेवलं : ‘मीना हॅज २३ बँगल्स. हर सिस्टर हॅज १५. हाऊ मेनी मोर बँगल्स डझ मीना हॅव?’ त्याने न अडखळता वाचलं आणि उत्तर लिहिलं, ३८. का, तर ‘मोर’ आलं की बेरीज करायची असं त्याला शिकवलेलं. मग पुस्तक मिटून तेच गणित मी मराठीत तोंडी विचारलं : मीनाकडे तेवीस बांगड्या, बहिणीकडे पंधरा, तर मीनाकडे किती जास्त? थोडं बोटांवर मोजून तो म्हणाला, आठ. म्हणजे वजाबाकी त्याला येत होती. अडत होतं ते वाक्य समजण्यापाशी, आणि घरचे पैसे मोजत होते गणिताच्या ट्यूशनचे. मराठीतही तो अडतीसच म्हणाला असता, तर गणितावर काम करावं लागलं असतं. मुलाचं अडतंय कुठे हे असं दहा मिनिटांत कळतं.

आता तुमची परीक्षा. तुमच्या आळीत दोन्ही शाळांत जाणारी तिसरीतली मुलं असतीलच. प्रत्येक शाळेतली दोन-तीन मुलं बघा, आणि फक्त हुशार म्हणून नाव असलेली निवडू नका. ज्याच्या त्याच्या माध्यमातला दुसरीच्या पातळीचा, पण मुलाने आधी न वाचलेला सात-आठ ओळींचा उतारा द्या. बालभारतीची दोन्ही माध्यमांची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. इंग्रजी शाळेत दुसरी पुस्तकं असतील तर त्यांतला पुढचा, न शिकवलेला धडा घ्या. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि ‘काय झालं गोष्टीत?’ असं मराठीतच विचारा. शेवटी वरच्यासारखं एक शाब्दिक गणित त्याच्या माध्यमात वाचायला द्या. घडाघड वाचूनही गोष्ट सांगता येत नसेल, तर त्या शाळेत आवाज शिकवतात, अर्थ नाही. मराठी शाळेतलं मूल तिसरीत अजून जोडाक्षरांपाशी थांबत असेल तर ती शाळाही नापास. मराठी आहे म्हणून तिला सूट देऊ नका.

मेहुणे म्हणतील, लहानपणी भाषा पटकन येते. बोलण्यापुरती येते. जिम कमिन्स या अभ्यासकाने कॅनडात स्थलांतरित मुलांकडे बघून १९७९च्या सुमारास हा फरक मांडला : रोजच्या बोलण्याची इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते, पण धडा वाचून समजण्याइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि त्या मुलांच्या शेजारीपाजारी, दुकानात, मैदानावर इंग्रजीच होतं. भोरच्या बाजारपेठेत ते कुठून आणायचं?

सायन्सबद्दलची मेहुण्यांची काळजी मात्र अगदीच खोटी नाही. नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात, पण त्यावर भिस्त ठेवू नका, कारण अकरावी-बारावी सायन्सचे वर्ग जवळपास सगळीकडे इंग्रजीतच चालतात, आणि एमएचटी-सीईटीत गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. म्हणजे अकरावीच्या आत गणित आणि विज्ञान इंग्रजीत वाचता आलं पाहिजे. पाचवीला सेमी घेतलं तर त्यासाठी सहा वर्षं हाताशी राहतात. शिवाय राज्यातल्या मराठी शाळांत २०००पासून पहिलीलाच इंग्रजी विषय आहे, त्यामुळे मुलगी पाचवीत कोरी जाणार नाही.

सेमीत मुलं गळपटतात ती पाचवीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत. भागाकार, अपूर्णांक येत असतात, पण ‘डिव्हिजन’, ‘रिमेंडर’, ‘डिनॉमिनेटर’ एकदम अंगावर येतात. यावर उपाय स्वस्त आहे. चौथीची परीक्षा झाली की सुट्टीत चौथीचंच गणिताचं इंग्रजी पुस्तक घ्या आणि जी गणितं तिला मराठीत येतात तीच रोज चार-पाच सोडवून घ्या. गणित ओळखीचं असलं की शब्दांवर लक्ष देता येतं. हे तुमच्या पत्नीला सहज जमेल, बारावीची इंग्रजी त्याला पुरते.

पहिली ते चौथी घरात मराठी गोष्टींची पुस्तकं येऊ द्या आणि इंग्रजी रोज थोडं कानावर पडू द्या. बाकी क्लास नकोत. फीचे वाचलेले पैसे बाजूला ठेवा, अकरावीला लागतील.

माझं उत्तर उलटं होईल अशा दोन परिस्थिती आहेत. येत्या दोन-चार वर्षांत महाराष्ट्राबाहेर जायचा विचार असेल, किंवा मराठी शाळेत शिक्षकांच्या जागा रिकाम्या असून एकच बाई दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळत असतील आणि परीक्षेतही तिथली मुलं मागे पडत असतील, तर इंग्रजी शाळेचा विचार करा. तेव्हा आधी तिची मान्यता कितवीपर्यंत आहे ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. जिल्हा परिषद दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी काढते, तीही बघा. पहिलीत गेल्यावर ‘नाही जमलं तर तिसरीत मराठीत आणू’ असं मात्र धरून चालू नका. त्या वयात जोडाक्षरांपासून सुरुवात करताना मूल वर्गात लाजतं आणि वर्ष वाया जातं.

मराठी शाळेत प्रवेश घ्यायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना दोन गोष्टी विचारा : पाचवीला सेमीची तुकडी सगळ्यांसाठी असते की चौथीच्या मार्कांवर निवडतात, आणि सेमीचं गणित सध्या कोण शिकवतं. जमलं तर त्या शिक्षकांच्या एका तासाला मागे बसायची परवानगी मागा. मुलांनी प्रश्न विचारला तर ते पुस्तकाकडे बघतात की मुलाकडे, एवढं बघून या.