जामीनकीतून नाव काढणे

दोस्ताच्या पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीनदार आहे. कर्जाचे हप्ते चालू आहेत, पण त्यानं गाडीचे हप्ते आणि कृषी केंद्राची उधारी थकवली. माझं नाव काढता येईल का?

नुसत्या तुमच्या अर्जावर निघत नाही, पतसंस्थेनं लेखी सोडलं तरच निघतं. लातुरात वसुलीचं काम करतो, म्हणून सांगतो: भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, दुसरीकडची थकबाकी हे सुटकेचं कारण ठरत नाही. म्हणून अर्जात बदली जामीनदार द्या. समजा 3 लाखांपैकी 1 लाख 80 हजार बाकी आहेत आणि दोस्ताचा मेहुणा शिक्षक आहे, तर त्याचं संमतीपत्र अन् पगारपत्रक जोडा. दोस्ताची सहीही घ्या. हे हप्ते चालू आहेत तोवरच करा. खातं थकलं की तुम्हाला कोणी सोडत नाही. अर्जाची पोच घ्या आणि जामीनमुक्तीचं पत्र हातात पडेपर्यंत मॅनेजरच्या ‘झालं तुमचं काम’वर जाऊ नका. कर्ज कॅश क्रेडिटचं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसं उचलायचं असेल तर मात्र कलम 130 खाली नोटीस देऊन पुढच्या उचलीपुरती जामीनकी मागे घेता येते, पण आधीची उचल डोक्यावर राहतेच. करारनाम्यात हा हक्क सोडल्याची अट आहे का, तेवढं आधी वाचा.