पन्नासाव्या वर्षी मिळालेला वाहन परवाना आणि फोटोखालची ओळ

प्रश्न : पन्नासाव्या वर्षी मला चारचाकीचा परवाना मिळाला. गाडीसोबत फोटो टाकायचा आहे. फोटोखाली काय लिहू? भीतीची थोडी गंमत हवी आणि उशिरा सुरुवात केल्याचा अभिमानही दिसायला हवा.

उत्तर :

सर्वप्रथम अभिनंदन. वृत्तपत्रासाठी चित्रओळी लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या कामात पाळलेला एकच नियम मी येथे सांगतो. फोटोत जे दिसते ते ओळीत पुन्हा लिहू नये. तुम्ही गाडीजवळ उभे राहून हसत आहात आणि हातात परवाना आहे, हे पाहणाऱ्याला दिसतेच. दिसत नाही ती भीती, आणि म्हणून ओळ भीतीची असावी. मात्र ‘खूप भीती वाटत होती’ एवढे मोघम लिहून भागत नाही, कारण तसे कोणीही कशाबद्दलही लिहू शकतो. कोणत्या क्षणाची, गाडीच्या कोणत्या हालचालीची भीती होती, ते नेमके सापडले की गंमत आपोआप येते.

माझ्या वहिनींचे उदाहरण सांगतो. त्या चोडणला राहतात आणि पणजीकडे जाण्यासाठी रायबंदरची फेरीबोट घेतात. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी परवाना काढला. ‘पन्नाशीत परवाना! वय हा केवळ आकडा आहे’ ही ओळ त्यांनी फोटोसाठी ठरवून ठेवली होती. ती मी खोडली. ही ओळ पोहण्यालाही चालते, पदवीलाही चालते, आणि वय हा केवळ आकडा असेल तर त्याचा अभिमान तरी कशासाठी बाळगायचा? नंतर मी त्यांना विचारले की शिकताना घाम नेमका कुठे फुटत असे. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितले की चढावर.

हे अगदी स्वाभाविक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये चाचणीसाठी ज्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत चढावर थांबवलेली गाडी मागे सरकू न देता पुन्हा पुढे नेणे ही एक आहे. हँडब्रेक ओढलेला ठेवून पहिला गिअर टाकायचा, थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडत आणायचा, आणि इंजिनाचा आवाज जड झाला व गाडीने पुढे ओढ घेतली की मगच हँडब्रेक खाली करायचा. हँडब्रेक आधी सुटला तर गाडी मागे जाते, आणि क्लच घाईने सोडला तर इंजिन बंद पडते. नव्या माणसाची पंचाईत अशी की दोन्ही चुकांची भीती एकाच वेळी वाटते आणि मागे कोणीतरी हॉर्न वाजवत असतो. फेरीबोटीतून बाहेर पडताना धक्क्याच्या चढावर पुढची गाडी थांबली की वहिनींना हीच परीक्षा रोज द्यावी लागते, आणि तीही मागे नदी असताना. त्यांच्या ओळीचा पहिला खर्डा यातूनच तयार झाला: ‘चढावर गाडी मागे न सरकवता पुढे नेण्याची परीक्षा मी पन्नाशीत उत्तीर्ण झाले.’ माहिती बरोबर होती, पण ती एखाद्या अहवालातल्यासारखी वाटत होती. शेवटी ठरलेली ओळ अशी:

‘चढावर गाडी इंचभरही मागे आली नाही. काळीज आले होते, पण परीक्षक फक्त गाडी पाहतात.’

यात वयाचा उल्लेख नाही, म्हणून अभिमानासाठी आणखी एक वाक्य हवे होते. ते आम्हाला परवान्याच्या कार्डावरच मिळाले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार खासगी वाहनाचा परवाना पन्नास पूर्ण झाल्यावर पण पंचावन्नाच्या आत काढला, तर तो वयाची साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत चालतो. तिशी ते पन्नाशीच्या आत काढणाऱ्याला मात्र दहा वर्षे मोजून मिळतात. म्हणजे सरकारने तुमच्या कार्डावर साठावा वाढदिवसच छापून दिला आहे. वहिनींनी पुढे जोडले: ‘सुरुवात पन्नाशीत, मुदत साठीपर्यंत. घाई कोणाला आहे?’ लिहिण्यापूर्वी तुमच्या कार्डावरची मुदत एकदा पाहून घ्या, कारण पन्नासावा वाढदिवस होण्याच्या थोडे आधी परवाना मिळाला असेल तर तारीख वेगळी असेल आणि नातेवाइकांपैकी एखादे हिशेबी काका ते नक्की दाखवून देतील.

तुमची भीती चढाची नसेल तर अर्जाच्या कागदपत्रांकडे पाहा, तिथेही बरेच काही सापडते. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात दूरची नंबरप्लेट वाचता येते का, आवाजाचे इशारे ऐकू येतात का, असे विचारलेले असते. विशीतल्या मुलाला खासगी गाडीसाठी हा कागद लागत नाही, त्यामुळे ही गंमत केवळ आपल्या वयाच्या लोकांची आहे. त्यावरून अशी ओळ करता येईल: ‘डॉक्टरांनी डोळे तपासले, कान तपासले. धीर तपासायचा रकाना अर्जात नव्हता, म्हणून परवाना मिळाला.’ रिव्हर्सची धास्ती असणाऱ्यांसाठी आणखी एक सुचते: ‘पन्नास वर्षे पुढे जात राहिले, तेव्हा कोणी अडवले नाही, मागे जायला मात्र सरकारी परवानगी लागली.’ मला स्वतःला ही शेवटची ओळ अधिक आवडते, पण वहिनींना ती फार हुशारीची वाटली.

‘रस्त्यांनो, सांभाळा, मी येत आहे’ हा प्रकार मात्र कृपया टाळा. तो सगळेच लिहितात आणि लिहिणारी स्त्री असेल तर खाली बायकांच्या गाडी चालवण्यावरचे तेच जुने विनोद सुरू होतात. भीतीची चेष्टा आपण केली की ती आपल्या ताब्यात राहते, पण स्वतःच्या कौशल्यावरच शंका घेणारी ओळ लिहिली की पुढची चेष्टा इतरांच्या हाती जाते. आपल्याला भीती होती आणि तरीही चाचणी पार पडली, हा क्रम ओळीत राहिला पाहिजे. म्हणून भीतीचे क्रियापद भूतकाळात आणि परवान्याचे वर्तमानकाळात ठेवा.

लांबीविषयी सांगायचे तर दोन ते तीन लहान वाक्ये पुरेत. फोनवर सुरुवातीचा थोडाच मजकूर दिसतो आणि उरलेला दुमडला जातो, त्यामुळे हसू येणारे वाक्य आधी व वयाचे नंतर लिहा. शिकवणाऱ्याचे आभार मानायचे असतील तर ते खाली प्रतिक्रियेत माना.

कार्ड हातात धरूनच फोटो काढणार असाल तर परवाना क्रमांक, जन्मतारीख, पत्ता, सही आणि क्यूआर कोड झाकलेच पाहिजेत. यांवर अंगठा ठेवून भागत नाही, फोटो मोठा केला की कडेचे आकडे वाचता येतात. कार्ड उघडे दाखवण्याऐवजी गाडीवरून काढलेली लाल ‘एल’ची पाटी हातात धरा. शिकाऊ परवान्याच्या काळात ती पुढे आणि मागे लावणे बंधनकारक असते, त्यामुळे ती उतरली म्हणजे काय झाले, हे पाहणाऱ्याला लगेच कळते आणि ओळीत ‘परवाना मिळाला’ असे लिहिण्याचीही गरज उरत नाही.