आमच्या कॉयरचा 'सा' कुठे बसतो?

प्रश्न: "आमच्या चर्चच्या कॉयरला स्टाफ, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, वाचायला शिकवायचंय. बऱ्याच जणांना सारेगम येतं. मूव्हेबल डो घेऊ की फिक्स्ड डो? आणि नुसतं डो-रे-मी म्हणून सूर वाचता येतो का?"

मूव्हेबल घ्या. त्यात गाण्याच्या पट्टीचा पहिला सूर तो डो, फिक्स्डमध्ये मात्र पट्टी कुठलीही असो, सी हाच डो. मी सोलापुरात वीस-बावीस जणांचा कॉयर बसवतो, आणि या दोन पद्धतींची खिचडी झाली की काय होतं ते स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

नाताळचं गाणं होतं, दोन शार्पचं, म्हणजे डी मेजर. आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, ओळीत पाच सूर: ए, जी, एफ शार्प, जी, ए. आल्टोतल्या दोघी कीबोर्डच्या क्लासला जायच्या, तिथे "सी म्हणजे सा" असं पाठ करून घेतलेलं. त्यांनी ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं: ध प म प ध. नकळत हा फिक्स्ड डोच झाला. पण म तीव्र आहे हे लिहायचं राहिलं, आणि त्या बिनधास्त शुद्ध म गायल्या. खाली बेस डी धरून, वर आल्टो साध्या एफवर. मेजरचा मायनर झाला आणि आनंदाचं गाणं एकदम रडवेलं. बाकीच्या आल्टोंना शार्प दिसत होता, पण या दोघींचा आवाज मोठा, त्यामुळे सगळी रांग त्यांच्यामागे गेली.

तेच पाच सूर मूव्हेबलमध्ये म्हणा: सोल फा मी फा सोल. इथे डी म्हणजे डो. मी आणि फा यांच्यात अर्धा सूर, टी आणि डो यांच्यात अर्धा, बाकी सगळीकडे पूर्ण. गाणं कुठल्याही पट्टीत असो, हे बदलत नाही. म्हणून "फा मी" म्हटलं की गळा आपोआप बरोबर अंतर उतरतो, शार्प वेगळा आठवावा लागत नाही. फिक्स्डमध्ये डी मेजरचा कॉर्ड रे-फा-ला आणि डी मायनरचाही रे-फा-लाच. अक्षर तेच, सूर वेगळा. फ्रान्स-इटलीत हे चालतं, कारण तिथे डो हे सी या स्वराचं रोजचं नावच आहे आणि वादकाला त्यावरून बोटाची जागा कळते. आपल्या गायकाच्या बोटाखाली काहीच नसतं.

आता कागदावर डो शोधायचा कसा? शार्प असतील तर शेवटचा, म्हणजे सर्वांत उजवीकडचा शार्प ही टी. त्याच्या लगेच वर डो. ट्रेबल क्लेफमध्ये दोन शार्प असतील तर दुसरा शार्प तिसऱ्या घरात, म्हणजे दोन रेघांमधल्या तिसऱ्या जागेत असतो, म्हणून चौथी रेघ डो. फ्लॅट असतील तर शेवटचा फ्लॅट हा फा, तिथून तीन पायऱ्या खाली डो. मग एकच गोष्ट पक्की करायची: डो रेघेवर असेल तर मी आणि सोल पुढच्या दोन रेघांवर, डो घरात असेल तर पुढच्या दोन घरांत. डी मेजरमध्ये खालचा डो पहिल्या रेघेखाली लोंबकळतो, म्हणून मी पहिल्या घरात, सोल दुसऱ्या घरात. आमच्या आल्टोंची ती ओळ दुसऱ्या घरातून निघून पहिल्या घरापर्यंत उतरते आणि परत वर जाते. एवढं दिसलं की निम्मं वाचन झालं.

तालमीत मी फळ्यावर अक्षरांची उभी शिडी काढतो आणि काठीने दाखवतो. मधेच एका अक्षरावर सगळ्यांनी गप्प राहायचं, मनात गायचं, आणि पुढचं अक्षर आवाजात. डो, रे, (गप्प), फा. फा वर-खाली झाला तर समजायचं की मधला मी कुणी ऐकलाच नाही, फा अंदाजाने मारला. सुरुवातीचा सूर कुठलाही चालतो. वीज गेली की कीबोर्ड बंद, मग पेटीवर काळी एक देतो. डी पेक्षा अर्धा सूर खाली, म्हाताऱ्या सोप्रानो खूश, आणि अक्षरं तीच.

मग सारेगमच का नाही, असं तुम्ही विचारालच. आपला सा सरकतोच, त्यामुळे मेजरपुरतं सारेगम उत्तम. पंचाईत मायनरमध्ये होते: कोमल ग आणि शुद्ध ग, दोन्ही म्हणताना "ग"च. डो-रे-मीमध्ये मायनर ला पासून धरता येतो: ला टी डो रे मी. अर्ध्या सुराच्या जागा टी-डो आणि मी-फा याच राहतात. हेच ध नि सा रे ग असं म्हणायला सांगून पाहिलं, पण ध ला घर मानायला आमच्या भजन गाणाऱ्या मंडळींचे कान तयार होईनात. म्हणून मायनरला मी सरळ परकी अक्षरं वापरतो.

अडतं ते गाणं मधेच पट्टी बदलतं तेव्हा. डी मेजरमध्ये एखादाच जी शार्प, म्हणजे अर्धा सूर चढलेला फा, आला तर त्याला फी म्हणायचं आणि पुढे जायचं. पण तो दर मापात यायला लागला आणि ओळ ए वर टेकायला लागली, तर गाणं ए मेजरमध्ये गेलंय. त्याच्या आधीचा सगळ्यांना सोपा वाटणारा ए शोधा आणि त्याखाली पेन्सिलीने "सोल = डो" लिहून द्या. तो सूर सोल म्हणून घ्यायचा, धरून ठेवायचा, आणि त्याच श्वासात डो म्हणून सोडायचा. दर दोन मापांनी पट्टी बदलणारं आधुनिक संगीत असेल, तर मात्र ही कसरत करू नका. तिथे स्वरांची इंग्रजी नावं घेऊन अंतरं मोजत गायलेलं बरं.