बेपत्ता पतीच्या विम्याचा अर्ज: पत्रात नेमके काय लिहायचे?

"माझे मिस्टर सात वर्षांपूर्वी घरातून गेले ते परत आलेच नाहीत. पोलिसांत तक्रार दिलेली आहे. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांच्या आयुर्विम्याची रक्कम मागायची आहे, पण अर्ज केला म्हणजे ते वारले असे मीच लिहून दिल्यासारखे होते. हात धजत नाही. काय करू?"

परळच्या आमच्या केंद्रात हा प्रश्न मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकला आहे की त्यांतल्या एकीची हकिकत सविस्तर सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

२०२३ च्या पावसाळ्यात आलेल्या या ताई लालबागला राहत आणि एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटत. भाच्याने त्यांना विमा कंपनीच्या नावे पत्राचा मसुदा करून दिला होता. त्याची सुरुवातच "माझे पती कै." अशी होती आणि ताईंनी ते "कै." पेनाने इतके गिरवून खोडले होते की कागद फाटला होता. घरातले सगळे त्यांना "आता तरी मान्य कर" असे सांगत होते. माझ्याकडे पाठवण्यामागेही बहुधा तीच अपेक्षा होती.

मी ते केले नाही. ज्याचा देह दिसलेला नाही त्याच्या मृत्यूची खात्री माणसाच्या मनाकडून मागणे मला अन्यायाचे वाटते. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी बेपत्ता माणसांच्या कुटुंबांसोबत आयुष्यभर काम केले. "ते असतील आणि नसतीलही" ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी मनात बाळगणे हा दुबळेपणा नाही, हे मी त्यांच्या लेखनातून शिकले. मी ताईंना एवढेच म्हटले, "तुम्हाला खात्रीने जे माहीत आहे, तेवढेच मला सांगा."

"११ जून २०१६ ला सकाळी ते कामावर म्हणून गेले. १४ तारखेला मी चौकीत हरवल्याची तक्रार दिली. त्यानंतर..." आणि त्या थांबल्या.

"त्यानंतर काय, ताई?"

"त्यानंतर फोन आला होता, मॅडम. अनंत चतुर्दशीला, गावी माझ्या दिरांना. मी बरा आहे, शोधू नका, एवढंच बोलले. भाचा म्हणतो, हे लिहायचं नाही, सात वर्षं पुन्हा मोजावी लागतील."

खरी गाठ इथे होती. मृत्यू लिहावा लागेल या भीतीखाली, जिवंतपणाचा शेवटचा पुरावा लपवावा लागेल हे दुःख दडलेले होते.

भाच्याचे गणित बरोबर होते, सल्ला मात्र चुकीचा होता. मुदत पोलीस तक्रारीच्या तारखेपासून मोजत नाहीत. माणसाची शेवटची खबर मिळाली तेव्हापासून मोजतात. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. एखादी व्यक्ती जिवंत असती तर ज्यांना तिची खबर स्वाभाविकपणे मिळाली असती, अशांना सात वर्षे ती मिळाली नसेल, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर जाते, असा त्या कलमाचा आशय आहे. तो फोन १५ सप्टेंबर २०१६ चा होता, म्हणून ताईंची सात वर्षे जूनऐवजी सप्टेंबर २०२३ मध्ये पुरी होत होती. तीन महिने वाचवण्यासाठी शपथपत्रावर खोटे लिहायचे आणि उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात दिरांच्या तोंडून ते बाहेर पडले की सगळा दावाच संशयात घालवायचा, यात शहाणपण नव्हते.

या तरतुदीचा अर्थ मी सांगितला तेव्हा ताईंनी तो मला पुन्हा म्हणायला लावला. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे ते गेले असं मला म्हणायचंच नाही? खबर नाही, एवढंच म्हणायचं?" होय, तेवढेच. मृत मानायचे की नाही हे न्यायालय ठरवते, आणि तेही गृहीत म्हणून. माणूस परत आला तर ते गृहीतक टिकत नाही. पत्नीने फक्त आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टी सांगायच्या असतात. कायद्याची भाषा कोरडी असते अशी तक्रार आपण नेहमी करतो, पण इथे ती घरच्यांच्या भाषेपेक्षा दयाळू निघाली. हे माझ्या ध्यानात आले याचे मला आजही समाधान वाटते.

त्यानंतर ताईंनी दिरांना घेऊन पोलीस ठाण्यात पुरवणी जबाब दिला. शोधातून काही निघाले नाही आणि पोलिसांनी तसा लेखी अहवाल दिला. हा अहवाल मागून घ्यावा लागतो. नुसत्या जुन्या तक्रारीच्या प्रतीवरून माणूस हरवला होता एवढेच कळते, तो सापडला नाही हे कळत नाही.

सात वर्षे आणि पोलिसांचा अहवाल हाती असला की विमा कंपनी रक्कम देईल, असे पुष्कळांना वाटते. कंपन्या साधारणपणे दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मागतात, आणि त्याला कारण आहे. २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मृत्यूचे हे गृहीतक न्यायालयासमोर प्रश्न आल्यावरच लागू होते आणि मृत्यू अमुक दिवशीच झाला असे त्यावरून मानता येत नाही. याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. माणूस हरवला त्याच दिवशी मृत्यू झाला असे धरले जात नसल्याने मधल्या काळात हप्ते थांबले तर पॉलिसी बंद पडते आणि मग पूर्ण विमा रकमेऐवजी फार तर भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणातले घटलेले मूल्य हाती येते.

ताईंनी हप्ते चालू ठेवले होते. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "हप्ता बंद केला असता तर मीच त्यांची वाट बघणं सोडलं, असं झालं असतं." ज्या आशेला नातेवाईक वेडेपणा म्हणत होते, तिनेच मुलीचे पैसे शाबूत ठेवले. हुकूमनामा हाती येईपर्यंत हप्ते भरत राहा, हे मी आता प्रत्येकीला पहिल्याच भेटीत सांगते.

फोर्टच्या नगर दिवाणी न्यायालयात ताईंनी दावा लावला आणि दिरांनी फोनची साक्ष दिली. हुकूमनामा मिळाल्यावर ताईंनी जे पत्र लिहिले, त्याचा मजकूर त्यांच्या परवानगीने देते:

"विमाधारक माझे पती दि. ११ जून २०१६ रोजी घरातून गेले. दि. १४ जून २०१६ रोजी मी ते हरवल्याची तक्रार पोलीस ठाण्यात नोंदवली. दि. १५ सप्टेंबर २०१६ रोजी माझ्या दिरांना त्यांचा फोन आला. त्यानंतर आजतागायत, सात वर्षांहून अधिक काळ, आम्हा कुटुंबीयांपैकी कोणालाही त्यांची खबर मिळालेली नाही. पोलिसांच्या शोधातही ते सापडलेले नाहीत. तक्रारीची प्रत, पोलिसांचा अहवाल, न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि मूळ पॉलिसी सोबत जोडली आहे. नामनिर्देशित व्यक्ती या नात्याने दाव्याची रक्कम मला मिळावी, ही विनंती."

कंपनीच्या दाव्याच्या फॉर्ममध्ये मृत्यूच्या तारखेचा रकाना असतो. ताईंनी तिथे मनाने तारीख घातली नाही. "सोबतच्या हुकूमनाम्याप्रमाणे" असे लिहिले आणि ते स्वीकारले गेले. मंगळसूत्राचे काय करायचे हा प्रश्न घरात तेव्हाही निघाला होता. त्याला कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही, एवढेच मी सासूबाईंना सांगितले.

पत्र लिहायला बसण्यापूर्वी नातेवाईक, शेजारी, कामावरचे सोबती अशा सगळ्यांना विचारून शेवटच्या खबरेची तारीख पक्की करा आणि ती पोलिसांच्या नोंदीत नसेल तर आधी पुरवणी जबाब द्या. वकिलाच्या खर्चापायी थांबला असाल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो.