शनिवारची दहा मिनिटं आणि पावागडचे नऊ फोटो

"मॅडम, फोनमध्ये चौदा हजार फोटो साठलेत. दर दोन दिवसांनी जागा संपल्याचा मेसेज येतो. एकदा नीट बसून सगळं साफ करायचं म्हणते, पण बसले की तासाभरात वीससुद्धा उडत नाहीत. सुट्टी काढू का दोन दिवस?"

सुट्टी काढू नका. दांडिया बाजारात राहणाऱ्या ज्या ताईंनी मला हे विचारलं, त्यांनाही मी हेच सांगितलं. माझ्याकडे त्या खरं तर झोपेच्या तक्रारीसाठी आल्या होत्या. फोटोंचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला, तोही जाता जाता, चप्पल घालताना. असे विषय मी सोडत नाही. वडोदऱ्यात बावीस वर्षं समुपदेशन करते आहे. लोक दारात उभं राहून जे बोलतात, ते खुर्चीत बसून बोललेल्यापेक्षा बरेचदा कामाचं असतं. आणि हीच तक्रार हल्ली निवृत्त मास्तरांपासून कॉलेजच्या मुलींपर्यंत सगळ्यांकडून ऐकते, म्हणून लिहायला घेतलं.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करणारी. आल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेला हा मार्ग माणसाच्या मनातला 'च', म्हणजे 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट, शोधतो. ताईंचा 'च' लवकर सापडला: "एकही कामाचा फोटो चुकून जाताच कामा नये, आणि करायचं तर सगळंच करायचं." यातल्या दुसऱ्या अर्ध्यामुळे त्या सुरुवातच करत नव्हत्या आणि पहिल्यामुळे सुरू केलेलं पुढे सरकत नव्हतं. पण हे मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन काहीच बदललं नसतं. त्यामुळे मी फोनच उघडायला लावला.

"गेल्या आठवड्यात काय काढलंत?"

"भाच्याचा वाढदिवस होता. हे बघा, केक कापतानाचे नऊ."

"यातला ठेवण्यासारखा कुठला?"

त्यांनी क्षणात बोट ठेवलं. "हा. बाकीच्यांत त्याचे डोळे मिटलेत, आणि यात तर माझ्या नणंदेचा हातच मध्ये आलाय."

मग मी त्यांना खाली, बरंच खाली, 2019 पर्यंत जायला सांगितलं. पावागडला रोपवेच्या रांगेत काढलेले फोटो सापडले. तेही नऊच निघाले, हा योगायोग. मी तोच प्रश्न विचारला.

बराच वेळ त्या गप्प. "यात सासूबाई मागे दिसताहेत... थोड्या हललेल्या आहेत, पण दिसताहेत. यात ह्यांचा तो निळा शर्ट, तो आता नाही. हा अंधुक आहे, पण तिथे वारा किती होता ते यातच कळतं." सहा मिनिटं झाली. एकही फोटो गेला नाही. मग फोन मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "म्हणजे जुने झाले की सगळेच आठवण होऊन बसतात. वाढदिवसाचे ते आठ मी आत्ता उडवू शकते. पाच वर्षांनी नाही उडवणार."

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत जमलेली कला म्हणाल तर हीच, अशा वेळी गप्प बसायची. पण त्यांनी जे पकडलं ते मलाही तेव्हाच लख्ख दिसलं. आपण समजतो की फोटो साफ करणं हे आळसाचं किंवा वेळेचं गणित आहे. खरा फरक निर्णय कधी घेतो याचा आहे. आठवड्याच्या आत आपल्याला माहीत असतं की नऊ वेळा बटण का दाबलं आणि त्यातला हवा तो कुठला. पुढे ते कारण विसरतं आणि उरतात ती नऊ चित्रं, प्रत्येकात काहीतरी सापडतंच. म्हणून जुना ढीग उपसायला बसलेला माणूस थकतो, आणि थकला की नव्यालाही हात लावत नाही.

मग आम्ही ठरवलं की चौदा हजारांना हात लावायचाच नाही. त्या शनिवारपासून पुढचं तेवढं आपलं. ताईंना हे पटायला अवघड गेलं. "म्हणजे ते तसेच पडू द्यायचे?" हो, तसेच.

वेळ शोधावी लागली नाही. त्यांच्या मुलीचा भरतनाट्यमचा क्लास शनिवारी सुटतो तेव्हा त्या खाली स्कूटरवर वीस मिनिटं वाट बघत बसतात. त्यातली दहा घ्यायची, फोनवर टायमर लावून. वाजला की बंद, हातात अर्धवट असलं तरी.

पहिल्या शनिवारी मोजले तर आठवड्याचे एकशे शहाऐंशी निघाले. त्या तारखेप्रमाणे सोमवारपासून बसल्या आणि टायमर वाजला तेव्हा मंगळवारही संपला नव्हता. पुढच्या भेटीत आम्ही ते पुन्हा पाहिलं तेव्हा कारण कळलं. तारखेच्या ओळीत भाच्याचा फोटो, मग गॅस बुकिंगचा स्क्रीनशॉट, मग सोसायटीच्या ग्रुपवरचं 'शुभ सकाळ', असं सगळं एकत्र येतं. प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारावा लागतो, आणि डोकं प्रश्न बदलण्यातच दमतं. म्हणून प्रकार वेगळे केले. गूगल फोटोजमध्ये On this device या भागात कॅमेरा, स्क्रीनशॉट्स आणि व्हॉट्सअ‍ॅप असे फोल्डर वेगवेगळे दिसतात. एका वेळी एकच उघडायचा, आठवड्यापुरताच, आणि एकच प्रश्न.

स्क्रीनशॉटला विचारायचं, काम झालं का? ताईंचे त्या आठवड्यात एकतीस होते. पैसे पाठवल्याच्या पावत्या, ज्या त्या अ‍ॅपच्या हिस्ट्रीत असतातच. झालेल्या प्रवासाचं तिकीट. आणि बाकी सगळे, मुलीच्या शब्दांत, "मम्मीचे पछी-पछीवाले": पछी वाचीन, पछी करीन. आमच्याकडे मराठी घरांतही 'नंतर'साठी गुजराती 'पछी' असाच येतो, त्याला इलाज नाही. त्यातल्या एका रेसिपीचं साहित्य त्यांनी तिथेच वाणसामानाच्या यादीत उतरवलं आणि फोटो उडवला. दोन ठेवले.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्याला विचारायचं, हा माझा आहे का? माझा म्हणजे माझ्या माणसांचा, मला पुन्हा बघावासा वाटेल असा. सत्त्याण्णवांतले पाच तसे निघाले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. फोल्डरमधून फोटो उडवला की चॅटमध्येही तो उघडत नाही. ज्यांना चॅटमधला पुरावा हवा असतो, घरमालक-भाडेकरू वगैरे, त्यांनी जपून.

सगळ्यात शेवटी कॅमेरा, आणि तिथे प्रश्न आधीचाच, यातला कुठला? सारखे दिसणारे एका ओळीत येतात. चांगला बघून ठेवायचा, वाईट शोधत बसायचं नाही. पहिल्या फोटोवर बोट दाबून ते तसंच पुढे सरकवलं की बाजूचे सगळे निवडले जातात, मग चांगल्यावरची खूण काढायची. अठ्ठावन्नातले बावीस राहिले. म्हणजे एकशे शहाऐंशीचे एकोणतीस. हे त्यांनी पुढच्या भेटीत माझ्यासमोर केलं, नऊ मिनिटांत.

भीती मात्र गेली नव्हती. त्यावर मी त्यांना उडवलेले फोटो जातात तो बिन दाखवला. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो उडवला तर साठ दिवस बिनमध्ये राहतो, बॅकअप न झालेला तीस दिवस. आयफोनमध्येही साधारण तीस दिवस मिळतात. "म्हणजे आज चुकलं तर पुढच्या महिन्यात रडले तरी चालेल?" त्या म्हणाल्या. चालेल. बिन आपल्या हाताने रिकामा करायचा नाही, एवढंच पथ्य. त्यामुळे डिलीट केल्या केल्या फोनमधली जागा वाढलेली दिसत नाही, त्यावर चिडू नका.

आता माझी चूक. तिसऱ्या आठवड्यात मी आत्मविश्वासाने सांगितलं, "क्लाउडवर गेलेले असले की फोनमधले उडवा, वर राहतातच." ताईंनी गूगल फोटोजमधूनच दोनशे उडवले. रात्री मुलगा लॅपटॉपवर बघतो तर तिथेही नाहीत. तिथून डिलीट केलेलं दोन्हीकडून जातं. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर Free up space हे वेगळं बटण आहे, ते बॅकअप झालेल्यांच्याच फोनमधल्या प्रती काढतं. दोनशे फोटो बिनमधून परत आले. पुढच्या भेटीत ताई मला म्हणाल्या, "मॅडम, तुमचाही 'च' निघाला, राहतातच!" मी कबूल केलं, दुसरं काय करणार.

नंतर नवरात्र आलं. नऊ रात्री गरब्याचे फोटो काढणाऱ्या गावात दहा मिनिटं पुरणार नाहीत हे उघड होतं, म्हणून बुधवारी आणखी एकदा दहा मिनिटं दिली. जास्त नाही. जे उरलं ते जुन्या ढिगात गेलं आणि आम्ही त्याचं सुतक पाळलं नाही. दिवाळीत क्लास बंद, तीन शनिवार गेले. परत आल्यावर त्या भरपाई करायला निघाल्या होत्या. मी अडवलं. चुकलेल्या आठवड्यांचं कर्ज डोक्यावर घेतलं की चौथ्या शनिवारी माणूस फोनच उघडत नाही. फक्त गेल्या सात दिवसांचं करायचं.

सण नसतानाही लागोपाठ दोन आठवडे टायमर वाजला तेव्हा निम्मं शिल्लक राहिलं, तर हात संथ आहे असं समजू नका. नळ मोठा आहे. ताईंच्या बाबतीत तो नळ दोन ग्रुपचा होता, सोसायटीचा आणि माहेरच्यांचा. ग्रुपच्या नावावर दाबून Media visibility ला No केलं की तिथले नवे फोटो गॅलरीत येत नाहीत, चॅटमध्ये दिसत राहतात. आधी आलेले मात्र जागीच राहतात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधलं आपोआप डाउनलोड बंद केलं तर ते फोनमध्ये उतरतच नाहीत. सोसायटीचा ग्रुप त्यांनी लगेच बंद केला. माहेरच्या ग्रुपला तीन आठवडे लागले, कारण "आईचा फोटो आला तर?" आईचा फोटो आला तर चॅटमध्ये उघडून तेवढा एक सेव्ह करायचा, हे ठरल्यावर तोही बंद झाला. आठवड्याचा आकडा नव्वदच्या आसपास उतरला आणि दहा मिनिटांतली तीन उरायला लागली.

झोपेचं काम अजून चालू आहे, ते एवढ्याने सुटणारं नव्हतंच. गेल्या भेटीत जाताना, पुन्हा दारातच, मी विचारलं, "आणि ते चौदा हजार?"

"आहेत ना," चप्पल घालत ताई म्हणाल्या, "पावागडसकट. परवा सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला ते नऊही सगळ्यांना दाखवले."