कवितेत मत्सर नाव न घेता कसा दाखवायचा?

प्रश्न: मैत्रिणीला पुरस्कार मिळाला, त्यावर कविता लिहितेय. ‘मत्सर’, ‘जळफळाट’ असे शब्द न वापरता ते वाचकापर्यंत कसं पोचवू?

उत्तर: कवितेत जी बोलतेय तिला नको तितकं बारीक बघू द्या. मत्सर असलेला माणूस मोजतो, ताडून पाहतो, पुन्हा पुन्हा तिथेच जातो. म्हणून चेहऱ्यापेक्षा तिच्या हातांना काम द्या:

तिचा फोटो मोठा करून पाहिला,
मागच्या रांगेत टाळ्या वाजवणारे
माझ्या ओळखीचे किती.
अभिनंदन लिहिलं. उद्गारचिन्ह खोडलं.
पुन्हा घातलं.

इथे सगळा भार त्या उद्गारचिन्हावर आहे. खोडणं खरं, पुन्हा घालणं लोकलाजेसाठी. दोन्हींमधल्या फटीत वाचकाला मत्सर सापडतो. ‘थरथरत्या हाताने खोडलं’ असं लिहिलंत की ती फट बुजली.

मुठी आवळणं, दात-ओठ खाणं, आग, साप हे टाळाच. ते इतके वापरून झालेत की वाचक त्यात चित्र बघत नाही, थेट भावनेचं नावच वाचतो.

मसुदा झाला की शीर्षक झाकून कुणाला तरी वाचायला द्या. ‘उदास वाटतंय’ असं उत्तर आलं, तर बहुधा ‘तिच्याकडे आहे, माझ्याकडे नाही’ अशी वस्तू कवितेत दिसत नाहीये. वरच्या ओळींत ते काम ‘माझ्या ओळखीचे’ हे शब्द करतात: माणसं माझी, टाळ्या तिला. ते काढले तर नुसतं एकटेपण उरतं.