वळवानंतर कडुनिंबावर उतरणारे भुंगेरे

प्रश्न : साहेब, परवा चांगला वळीव झाला आणि कालपासून दिवेलागणीला बांधावरच्या कडुनिंबावर तपकिरी भुंगे घोंघावायला लागलेत. रानात लाल मखमली किडेबी दिसत्यात. खालीच उसाचा खोडवा हाय. सगळ्या रानावर फवारा मारू का? (ऊस उत्पादक, करवीर तालुका)

उत्तर : रानावर फवारा मारू नका. लाल दिसतोय तो मृगाचा किडा. पाय मोजलेत तर आठ भरतील, म्हणजे तो कोळ्याच्या गोतातला. पिकाला तो तोंड लावत नाही. वाळवी आणि इतर किड्यांची अंडी खातो, त्याला राहू द्या.

भुंगे मात्र हुमणीचे आहेत, बहुधा माळावरच्या जातीचे, म्हणजे होलोट्रॅकिया सेराटा. गेल्या पावसाळ्यातल्या अळ्यांचे कोष होऊन भुंगेरे केव्हाच तयार झालेले असतात, पण माती भिजेपर्यंत ते आतच गप्प पडून राहतात.

आज संध्याकाळी झाडाखाली थांबून बघा. साडेसातच्या सुमाराला, अंधारू लागलं की ते माती फोडून वर येतात आणि सरळ कडुनिंब नाहीतर बाभूळ गाठतात. फांदीवर आधी जोड्या जमतात, मग पाला खाणं सुरू होतं. उजाडण्याआधी सगळे परत मातीत. सकाळी झाडावर कुरतडलेला पाला तेवढा दिसतो, म्हणून दिवसा भुंगेरे शोधण्यात अर्थ नसतो. पुढे मादी ओल्या मातीत अंडी घालते आणि साधारण 10 ते 15 दिवसांत अळ्या निघतात. अंडी पडण्याआधीच्या या संध्याकाळी तुमच्या हातात आहेत.

जोड्या जमल्या की, आठच्या पुढे, झाडाखाली ताडपत्री अंथरा आणि आकडीने फांद्या जोरात हलवा. पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. प्रत्येक पावसानंतर नवे वर येतात, त्यामुळे एका रात्रीत काम संपत नाही. शेजाऱ्यालाही फवाऱ्याऐवजी आकडी घेऊन बोलवा, कारण त्याच्या बाभळीवरची मादी तुमच्या खोडव्यात अंडी घालू शकते. झाडावर सरासरी 20 किंवा जास्त भुंगेरे दिसले तर प्रादुर्भाव नुकसानीच्या पातळीवर गेला असं धरतात. मग फवारणी करायचीच झाली तर फक्त त्या झाडावर, लेबलवर शिफारस असलेलं औषध घेऊन, आणि तो पाला शेळ्यांना घालू नका.

खोडव्यासाठी मेटारायझियम बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना, बुडख्याजवळ द्या. ती सावकाश काम करते, म्हणून अळ्या लहान असतानाच द्यायची. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पानं पिवळी पडून बेट हलक्या हाताने उपटून आलं, तर खाली इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडेल. तोवर ती मोठी झालेली असते आणि औषधाला सहज दाद देत नाही.

तुमचं रान पंचगंगेच्या काठाला असेल तर तसं कळवा. नदीकाठी ल्युकोफोलिस ही वेगळी हुमणी असते, तिथे नुसती झाडं हलवून भागत नाही, अळीवरच जास्त भर द्यावा लागतो.